चिकूनंतरचे कागद

“उद्या आपल्या खात्यातून ४,६५० रुपये वजा होतील.” ताईच्या फोनवर हा मेसेज आला तेव्हा चिकूला जाऊन तीन दिवस झाले होते. चिकू म्हणजे तिचा पाच वर्षांचा लॅब्रेडोर. रात्री जेवून नेहमीसारखा झोपला, पहाटे अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालू लागला, पोट ढोलासारखं टणक झालं होतं. मोठ्या अंगाच्या कुत्र्यांत कधीकधी पोटात वायू भरून जठराला पीळ पडतो, तसं झालं होतं. सिंहगड रस्त्यावरून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. डॉक्टरांनी तपासलं, एक इंजेक्शन दिलं आणि मान हलवली. २३ नोव्हेंबरची ती पहाट होती.

मेसेज चिकूच्या खाण्याचा होता. दर महिन्याला दहा किलोची पिशवी यायची आणि पैसे आपोआप कटायचे. ताई म्हणाली, “मी तर ते ॲप दुसऱ्याच दिवशी उडवलं.” तिने रडतरडत फोनवरून ॲप काढून टाकलं होतं आणि तिला वाटलं होतं की विषय मिटला. बहुतेकांना असंच वाटतं. ॲप काढलं म्हणजे आपल्या फोनवरचं चित्र जातं. दुकानातली नोंद आणि बँकेला दिलेली परवानगी दोन्ही जागच्या जागी राहतात. त्यानंतरचे दहाबारा दिवस मी तिच्यासोबत बसून हे सगळं निस्तरलं. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण त्या दिवसांत शोधाशोध करायचं त्राण कुणातच नसतं. शिवाय यात क्रमाला फार महत्त्व आहे. खाण्याची गोष्ट लगेच बंद करायची असते. विम्याची मात्र घाईने बंद केली तर नुकसान होतं.

आधी खाण्याचं सांगते, कारण ते सोपं आहे.

दरमहा येणाऱ्या पार्सलच्या मागे दोन वेगळे करार असतात. एक दुकानाशी: अमुक दिवशी अमुक माल पाठवा. दुसरा बँकेशी: हे दुकान मागेल तेव्हा इतके पैसे द्या. या दुसऱ्याला मँडेट म्हणतात. यूपीआयवर असेल तर ज्या ॲपमधून तो दिला त्याच ॲपमध्ये `Autopay` किंवा मँडेट नावाच्या विभागात सगळे चालू मँडेट दिसतात. तिथे हवा तो उघडायचा, `Revoke` किंवा `Cancel` दाबायचं आणि यूपीआय पिन टाकायचा. `Pause` नावाचा पर्यायही असतो, पण तो काही काळापुरता थांबवण्यासाठी आहे. मुदत संपली की पैसे पुन्हा कटू लागतात. कार्डावरून पैसे जात असतील तर बँकेच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये कार्डाच्या विभागात ई-मँडेटची यादी असते.

तो मेसेज आला ते बरंच झालं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवावं लागतं आणि त्याला नकार देण्याची सोय ठेवावी लागते. कार्डांसाठीचा हा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून नीट अमलात आला. १५,००० रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून पैसे नकळत जातात. त्या बदल्यात ही आगाऊ सूचना असते. आम्ही तो मेसेज वाचला आणि लगेच यूपीआय ॲपमध्ये जाऊन मँडेट रद्द केला. दुसऱ्या दिवशी पैसे गेले नाहीत, पार्सलही निघालं नाही.

पण मग दुकानाचे मेसेज सुरू झाले. “तुमचं पेमेंट झालं नाही, चिकूचं जेवण थांबलंय, पुन्हा प्रयत्न करा.” दिवसातून दोनदा. ते वाचून भाचा खोलीत जाऊन बसायचा. मँडेट रद्द झाला तरी दुकानातली मागणी चालूच होती, म्हणून हे होत होतं. मी ते ॲप पुन्हा उतरवून घेतलं, ताईच्या नंबरने आत गेले आणि सबस्क्रिप्शन रद्द केलं. तिथे आणखी एक गोष्ट सापडली. खाण्याखेरीज गोचीड आणि पिसवांची गोळीही दर तीन महिन्यांनी येण्यासाठी वेगळी लावलेली होती, तिची पुढची तारीख जानेवारीत होती. ती राहिली असती तर जानेवारीत पुन्हा तोच मेसेज, पुन्हा तोच धक्का. म्हणून तिन्ही जागा बघाव्यात: दुकानाच्या ॲपमधली सबस्क्रिप्शनची यादी, यूपीआयमधली मँडेटची यादी आणि कार्डावरची ई-मँडेटची यादी. तिन्हींत जे जे त्या जनावराचं असेल ते काढायचं.

रद्द करताना दुकानाने पाचसात पानं फिरवली. ‘खरंच जाताय?’, ‘वीस टक्के सूट घ्या’, ‘तुमच्या चिकूला काय वाटेल?’ हे शेवटचं वाचून मला संताप आला. सबस्क्रिप्शन घेणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवणं हा आता केवळ वाईट शिष्टाचार राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत मनाई केलेल्या तेरा प्रकारांत सबस्क्रिप्शनचा सापळा आहे आणि नकार देणाऱ्याला अपराधी वाटायला लावणंही आहे. रद्द करायचं बटण सापडतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करता येते. फोन करण्याआधी दुकानाला एक लेखी मेल पाठवून ठेवावी, म्हणजे आपण कधी सांगितलं याचा पुरावा राहतो.

सहा महिन्यांचे पैसे एकदम भरलेले असतील तर मँडेटचा प्रश्न नाही, परताव्याचा आहे. तो दुकानाच्या अटींवर अवलंबून असतो. बहुतेक दुकानं आधी दिलेल्या पिशव्यांचा हिशेब सवलतीच्या नव्हे तर पूर्ण दराने लावतात, त्यामुळे हातात येणारी रक्कम अपेक्षेपेक्षा थोडी कमी असते. पार्सल आधीच निघालेलं असेल तर दारात ते घेऊ नये, ‘नको, परत न्या’ असं सांगावं. एकदा घेतलं आणि मग परत पाठवतो म्हटलं की खाण्याच्या वस्तूला बहुतेक दुकानं नकार देतात. घरात सीलबंद पिशवी उरली असेल तर जवळच्या प्राणी निवाऱ्याला ती हवीच असते. उघडलेली पिशवी मात्र ओळखीच्या कुणा कुत्र्याच्या घरी लगेच द्यावी.

आता विमा.

ताईने चिकूचा विमा १ जुलैला घेतला होता. वर्षभराचा प्रीमियम करासकट ५,४७५ रुपये, म्हणजे दिवसाला बरोबर १५ रुपये. तिसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं, “ती पॉलिसी पण रद्द कर गं. मला ते नाव असलेलं काही नकोय.” मी हो म्हटलं, पण आधी पॉलिसी वाचायला बसले. ते बरं झालं.

पाळीव प्राण्याच्या विम्यात वेगवेगळी संरक्षणं असतात आणि माणसं त्यांतली थोडीच घेतात. कुठे शस्त्रक्रिया आणि दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च, कुठे ओपीडीचा, कुठे कुत्रा कुणाला चावला तर त्याची भरपाई, कुठे प्राणी हरवला तर शोधाचा खर्च. आणि कुठे प्राण्याच्या मृत्यूची रक्कम. हे शेवटचं पुष्कळदा वेगळे पैसे भरून घ्यायचं असतं आणि वयाची अट असते; म्हाताऱ्या कुत्र्याला ते मिळत नाही. म्हणून प्राणी गेल्यावर विमा कंपनीकडून दोन रस्ते संभवतात. एक दाव्याचा, म्हणजे मृत्यूची रक्कम किंवा शेवटच्या आजारपणाची बिलं. दुसरा परताव्याचा, म्हणजे पॉलिसीच्या उरलेल्या दिवसांचा प्रीमियम. दोन्ही एकदम मिळत नाहीत. आणि ‘पॉलिसी रद्द करा’ अशी मेल गेली की आपण परताव्याचा रस्ता धरला असंच कंपनी समजते.

ज्यांच्या पॉलिसीत मृत्यूचं संरक्षण आहे त्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिला वेळ फार थोडा असतो. दाव्यासाठी कंपनी डॉक्टरांचं मृत्यूचं प्रमाणपत्र मागते आणि पुष्कळ पॉलिसींत शवविच्छेदनाचा अहवालही मागते. दहन किंवा दफन झालं की तो अहवाल कायमचा गेला. आपल्या हवेत शव काही तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्यामुळे हा निर्णय त्याच दिवशी होतो आणि त्याच दिवशी माणूस सगळ्यात कमी भानावर असतो. म्हणून दवाखान्यातूनच कंपनीच्या नंबरवर फोन करावा आणि एवढंच विचारावं: शवविच्छेदन लागेल का? नको म्हणाले तर त्यांना तसं मेलवर कळवायला सांगावं. हवं म्हणाले तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात ते होतं. मुंबईत परळला आणि नागपूरला अशी जुनी महाविद्यालयं आहेत. त्याआधी शवाचे फोटो काढून ठेवावेत, चेहरा आणि अंगावरच्या ओळखीच्या खुणांसह. पॉलिसीत मायक्रोचिपचा क्रमांक असेल तर डॉक्टरांकडून तो वाचून प्रमाणपत्रात लिहून घ्यावा. कंपनीला मुख्यतः एकच खात्री हवी असते, गेला तो हाच प्राणी होता याची. स्वतःच्या गेलेल्या कुत्र्याचे फोटो काढायला हात उचलत नाही, हे मला ठाऊक आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगावं.

चिकूच्या पॉलिसीत मृत्यूचं संरक्षण नव्हतं. शस्त्रक्रिया, दाखल होण्याचा खर्च, तातडीचे उपचार आणि तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीची भरपाई, एवढंच होतं. त्याला दाखल करायची वेळच आली नाही. कागद म्हणाल तर दवाखान्याचं त्या पहाटेचं बिल होतं, तपासणी आणि इंजेक्शनचे मिळून १,४०० रुपये. ताईने ते बिल दावा म्हणून पाठवायला काढलंच होतं. तिचं म्हणणं साधं होतं: विमा कशासाठी घेतला मग?

मी तिला थांबवलं. भारतीय विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआय, याने ११ जून २०२४ रोजी सर्वसाधारण विम्यासाठी एक मास्टर सर्क्युलर काढलं. त्यानुसार घरगुती ग्राहकाला पॉलिसी कधीही, कारण न देता रद्द करता येते. पॉलिसी एक वर्षापर्यंतची असेल आणि त्या काळात एकही दावा केलेला नसेल, तर उरलेल्या मुदतीचा प्रीमियम दिवसांच्या प्रमाणात परत द्यावा लागतो. ‘एकही दावा केलेला नसेल’ या शब्दांत सगळं आहे. दावा शंभर रुपयांचा असला तरी तो दावाच. १,४०० च्या बिलातून पॉलिसीतला ग्राहकाचा वाटा वजा जाता हातात आले असते साधारण ११०० रुपये. आणि त्या ११०० पायी उरलेल्या प्रीमियमवर पाणी सोडावं लागलं असतं.

आता उरलेला प्रीमियम किती? १ जुलै ते २३ नोव्हेंबर, दोन्ही दिवस धरून १४६ दिवस होतात. वर्षातले राहिले २१९. दिवसाला १५ रुपयांनी ३,२८५. म्हणजे बिल पाठवलं असतं तर दोन हजारांहून जास्त नुकसान झालं असतं.

हाच हिशेब उलटाही होतो, आणि तो माहीत असणं तितकंच जरुरीचं आहे. समजा, चिकूला पोटाच्या पिळाऐवजी गोचीड ताप झाला असता. पावसाळ्यानंतर पुण्यात तो खूप दिसतो. समजा, पाच दिवस सलाइनवर ठेवून, रक्त चढवूनही तो गेला असता. तर बिल सहज पंधरावीस हजारांच्या घरात गेलं असतं. तेव्हा ३,२८५ रुपयांचा परतावा मागणं हा तोटा ठरला असता. बिलांचा दावा आधी लावायचा आणि परतावा विसरायचा. दुःखात असलेली माणसं नेमकं उलटं करतात. “सगळं बंद करा” म्हणून पहिल्याच दिवशी पॉलिसी रद्द करतात आणि दवाखान्याची फाइल महिन्याने उघडतात. तोवर परतावा खात्यात आलेला असतो आणि कंपनी म्हणते, पॉलिसी संपली. म्हणून रद्द करण्याची मेल पाठवण्याआधी चालू पॉलिसी वर्षातली सगळी बिलं टेबलावर मांडावीत, प्रत्येकावर ‘यातलं पॉलिसीत काय बसतं’ हे लिहावं, बेरीज करावी आणि ती उरलेल्या दिवसांच्या प्रीमियमशेजारी ठेवून बघावी. दहा मिनिटांचं काम आहे.

त्या वर्षात आधीच एखादा दावा झालेला असेल, जुलैत पायाला जखम झाली आणि कंपनीने पैसे दिले, असं काही, तर एक वर्षाच्या पॉलिसीत परताव्याची अपेक्षा ठेवू नये. पॉलिसी दोनतीन वर्षांची एकदम घेतलेली असेल तर गोष्ट वेगळी. जी वर्षं अजून सुरूच झाली नाहीत त्यांचा प्रीमियम परत मिळतो. हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

२७ नोव्हेंबरला मी ताईच्या मेलवरून कंपनीला लिहिलं. पॉलिसीचा क्रमांक, चिकूचं नाव आणि जात, मृत्यूची तारीख, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि ताईच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश. मजकूर चार वाक्यांचा: या पॉलिसीत या वर्षी एकही दावा केलेला नाही. विमा ज्याचा होता तो प्राणी २३ नोव्हेंबरला मरण पावला, त्यामुळे त्या दिवसानंतर कंपनीवर कुठलीच जोखीम उरलेली नाही. म्हणून पॉलिसी त्या तारखेपासून रद्द करून उरलेल्या मुदतीचा प्रीमियम दिवसांच्या प्रमाणात परत करावा. आणि हिशेब कसा केला ते लेखी कळवावं.

मृत्यूच्या तारखेचा आग्रह मुद्दाम धरला. कंपन्या बहुधा मेल मिळाली त्या तारखेपासून पॉलिसी रद्द करतात आणि मधले दिवस आपल्या खात्यात धरतात. आमच्या बाबतीत ते चारच दिवस, ६० रुपये. पण कित्येकजण दोनदोन महिने या फायलीला हात लावत नाहीत, तिथे ९०० रुपये होतात. प्राणी गेल्यावर विम्यात धरण्यासारखं काही राहतच नाही, हा मुद्दा आहे. प्रमाणपत्रावर तारीख असेल तर तो मांडता येतो. सगळ्याच कंपन्या तो मान्य करतील असं नाही, म्हणून मेल जितकी लवकर तितकं चांगलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं: परतावा १,३६८ रुपये. हिशेब नव्हता. मी पुन्हा विचारल्यावर त्यांनी पॉलिसीच्या शेवटच्या पानावरचा तक्ता पाठवला. या तक्त्याला विम्याच्या धंद्यात ‘शॉर्ट पीरियड स्केल’ म्हणतात. जुनी पद्धत आहे. ग्राहकाने मध्येच पॉलिसी सोडली की कंपनी दिवसांच्या हिशेबापेक्षा जास्त पैसे राखून ठेवायची. त्या तक्त्यात तीन महिन्यांपुढे सहा महिन्यांपर्यंत तीनचतुर्थांश प्रीमियम कंपनीचा, आणि सहा महिन्यांनंतर काहीच परत नाही, असं लिहिलेलं होतं. चिकूची पॉलिसी पाच महिनेही चालली नव्हती, तरी ५,४७५ चा फक्त चौथा हिस्सा. १,३६८ आणि ३,२८५ यांतला फरक इथून आला होता.

हा तक्ता ओळखता आला पाहिजे, कारण जुन्या पॉलिसींच्या मजकुरात तो अजून भेटतो आणि परतावा काढणारा माणूस पुष्कळदा जुन्याच कागदावर बोट ठेवून उत्तर देतो. खूण सोपी आहे. उरलेले दिवस भागिले ३६५, गुणिले भरलेला प्रीमियम, हे स्वतः करून बघावं. आलेला आकडा कंपनीच्या आकड्याशी जुळत नसेल आणि कंपनीचा आकडा प्रीमियमच्या बरोबर पाव, अर्धा असा गोल भाग असेल, तर तो तक्त्यातून आलेला आहे. मी उत्तरात एवढंच लिहिलं की ११ जून २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे परतावा दिवसांच्या प्रमाणात द्यायचा आहे, आमचा हिशेब २१९ दिवसांचा ३,२८५ रुपये येतो, तो चुकीचा असेल तर कुठे ते सांगा. आणि ही मेल कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवली; त्याचा पत्ता प्रत्येक पॉलिसीवर छापलेला असतो. नऊ दिवसांनी ३,२८५ रुपये ताईच्या खात्यात आले.

नसते आले तर पुढचा रस्ता असा आहे. कंपनीने तक्रारीवर दोन आठवड्यांत निर्णय द्यायला हवा. नाही दिला किंवा पटला नाही तर नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावर, `bimabharosa.irdai.gov.in` इथे, किंवा १५५२५५ या नंबरवर ती नोंदवता येते. त्यावरची पायरी विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, गोव्याच्या तक्रारी मुंबईला जातात. कंपनीला लेखी तक्रार केल्यावर एक महिना वाट बघून तिथे जाता येतं, फी नसते, वकील लागत नाही. दोन हजारांसाठी इतकं कोण करतं, असं कुणी म्हणेल. पण बहुतेक प्रकरणं तक्रार अधिकाऱ्याच्या टेबलावरच मिटतात, नियमाचं नाव आणि हिशेब समोर असला की.

एक फरक मात्र आधी तपासावा. दवाखाने आणि प्राण्यांच्या वस्तूंची दुकानं हल्ली ‘पेट केअर प्लॅन’ विकतात. वर्षाचे पैसे भरा, तपासण्या आणि लसी फुकट. दिसायला विम्यासारखं असलं तरी ते बहुधा सेवेचं सभासदत्व असतं, आणि विमा नियामकाचे नियम त्याला लागू होत नाहीत. ओळख अशी की विम्याच्या प्रत्येक पॉलिसीवर यूआयएन नावाचा उत्पादन क्रमांक असतो आणि विमा कंपनीचं नाव असतं. ते नसेल तर परताव्याचा प्रश्न दुकानाच्या अटींचा, आणि तक्रारीची जागा ग्राहक हेल्पलाइन किंवा ग्राहक आयोग.

घरात दोन प्राणी एकाच पॉलिसीत असतील तर ‘रद्द करा’ हा शब्द वापरूच नये. माझ्या एका मैत्रिणीने दोन मांजरांपैकी एक गेल्यावर तसं लिहिलं आणि जिवंत मांजराचाही विमा गेला. नवा घेताना वय वाढलेलं, सुरुवातीचा थांबण्याचा काळ पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी त्या एका प्राण्याचं नाव वगळणारं एंडॉर्समेंट मागायचं, म्हणजे पॉलिसी तशीच राहून तेवढा बदल होतो.

प्रीमियम दरमहा कटत असेल तर मी आधी खाण्याबद्दल जे सांगितलं ते इथे लागू नाही. दावा चालू असताना बँकेतून विम्याचा मँडेट काढला तर हप्ता चुकतो आणि कंपनीला पॉलिसी बंद पडली म्हणायला जागा मिळते. शिवाय अनेक पॉलिसींत दावा मंजूर झाला की वर्षाचे उरलेले हप्ते त्यातून वळते केले जातात. इंग्लंडमध्येही हे जागोजाग दिसतं. तिथे बहुतेकजण प्राण्यांचा विमा मासिक हप्त्यांनी घेतात, पण करार वर्षाचा असतो. त्या वर्षात दावा मिळालेला असेल तर प्राणी गेल्यावरही उरलेल्या महिन्यांचे पैसे मागितले जातात. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे पत्र आलं की धक्का बसतो, पण करारात ते लिहिलेलं असतं. म्हणून विम्याचा मँडेट सगळ्यात शेवटी काढायचा: दाव्याचा निकाल किंवा परताव्याची रक्कम आली, पॉलिसी रद्द झाल्याचं पत्र हातात आलं, की मग.

ताईने वर्षाचे पैसे एकदम भरले होते, तरी एक मँडेट होताच: आपोआप नूतनीकरणाचा. पॉलिसी रद्द झाल्यावर आम्ही तो बँकेच्या यादीत जाऊन काढला.

आता राहिले मेसेज. दवाखान्याच्या यादीत चिकूची रेबीजच्या लसीची तारीख फेब्रुवारीत होती. मी फोन करून सांगितल्यावर तिथल्या बाईंनी लगेच नोंद काढली आणि म्हणाल्या, असं कुणी कळवलं तर आम्हालाही बरं वाटतं, नाहीतर आमचा मेसेज जातो आणि समोरचा माणूस रडतो. दुकानाच्या ॲपमध्ये चिकूचं पानच होतं, फोटो, वाढदिवस, वजन. ते ठेवलं तर १२ मार्चला केकची जाहिरात येणार. ताई ते पुसायला गेली तेव्हा भाचा म्हणाला, “आई, थांब ना. त्यातला तो पहिला फोटो आपल्याकडे नाहीये.” खरंच नव्हता. पिल्लू असताना, ॲप नवीन असताना, ताईने थेट त्यातच काढला होता. आम्ही तो आधी फोनमध्ये उतरवून घेतला, मग पान पुसलं.